मातीचे श्वसन मोजताना ब्लँक विसरू नका: या चुका टाळा

पालथ्या डब्याखाली 24 तास कॉस्टिक सोडा ठेवायचा, मातीतून निघालेला कार्बन डायऑक्साइड त्यात मुरू द्यायचा आणि उरलेला सोडा आम्लाने टायट्रेट करायचा. पद्धत एवढीच, पण आकडे बहुतेक वेळा ब्लँकपाशी बिघडतात.

सोडा बाटलीतून ओतताना, नेताना आणि झाकण उघडताना हवेतला वायू शोषतो. डब्यात कोंडलेल्या हवेतही थोडा असतोच. म्हणून तळ बंद असलेला तसाच एक डबा, आत सोडा ठेवून, त्याच शेतात तेवढाच वेळ ठेवायचा; हाच ब्लँक. प्रयोगशाळेच्या कपाटातला ब्लँक हे काम करत नाही.

20 सेंमी व्यासाचा डबा, आत 1 N सोडियम हायड्रॉक्साइड 20 मिली, असं धरू. ब्लँकला 1 N हायड्रोक्लोरिक आम्ल 19.2 मिली लागलं, मातीवरच्या डब्यातल्या सोड्याला, म्हणजे सापळ्याला, 14.6. फरक 4.6, त्याला 22 ने गुणलं की 101 मिग्रॅ कार्बन डायऑक्साइड. डब्याखालची जागा 0.0314 चौ.मी., म्हणजे दिवसाला चौरस मीटरमागे साधारण 3.2 ग्रॅम. ब्लँक न ठेवता थेट 20 मधून वजा केलं असतं, तर उत्तर 17 टक्के फुगलं असतं.

दुसरी चूक मी स्वतः केली आहे: टायट्रेशनआधी बेरियम क्लोराइड घालायला विसरलो. ते कार्बोनेटचा पांढरा साका करून त्याला बाजूला काढतं. नाही घातलं, तर फिनॉल्फ्थॅलिनचा गुलाबी रंग जाईपर्यंत कार्बोनेटही आम्ल खातं. वरच्याच उदाहरणात ब्लँक 19.6 आणि सापळा 17.3 आला असता. फरक 2.3, म्हणजे नेमका निम्मा! आकडा अगदी शहाणासुरता दिसतो, त्यामुळे शंकाही येत नाही. खूण एकच: फ्लास्कमध्ये दुधाळ गढूळपणा दिसला नाही, तर थांबा. (बेरियम क्लोराइड विषारी आहे; पिपेटला तोंड लावू नका.)

सापळा दमला का, हेही पाहा. निम्म्याहून जास्त सोडा संपला असेल, तर शोषणाचा वेग पडलेला असतो आणि आकडा कमी येतो. तेव्हा सोडा वाढवा किंवा वेळ कमी करा. बरणीचं तोंड अरुंद असलं तरी हेच होतं.

डब्याची कड मातीत दोनेक सेंमी रुतलेली हवी, नाहीतर वायू बाजूने निसटतो. पण रुतवताना माती हलते आणि श्वसन उसळतं, म्हणून डबा ज्यावर बसवायचा ते कडं आदल्या दिवशीच रुतवून ठेवा. उन्हात डबा तापू नये यासाठी वर चकचकीत फॉइल गुंडाळा. पाऊस पडून गेल्यावर लगेच घेतलेलं माप कोरड्या दिवसाच्या मापाशेजारी मांडू नका. ओल मिळताच जिवाणूंची धांदल उडते, ती काही दिवसांत ओसरते.

शिवाय रोपं कापली तरी मुळं काही काळ श्वास घेतच राहतात. उभ्या पिकातला आकडा एकट्या जिवाणूंचा म्हणून लिहायचा नसतो.