देवस्थानात हिशेबनीस म्हणून अर्ज करण्याआधी जाहिरात कशी वाचावी

नाशिकमधल्या एका देवस्थानाच्या कार्यालयात मी हिशेब बघते. बी.कॉम. झालेली मुलं-मुली बऱ्याचदा विचारायला येतात. हातात वर्तमानपत्रातलं कात्रण असतं, नाहीतर मोबाइलवर जाहिरातीचा फोटो. प्रश्न एकच असतो, "ताई, इथे अर्ज करू का?" आचाऱ्याच्या जागेसाठी फार विचारावं लागत नाही. किती पानांचा स्वयंपाक आणि सोवळं किती, एवढं कळलं की बाकीचं कळतं. हिशेबनीसाच्या जाहिरातीत मात्र जेवढं छापलेलं असतं, त्याच्या कितीतरी पट काम दडलेलं असतं.

अशा जाहिरातीचा मजकूर साधारण असा असतो:

"हिशेबनीस पाहिजे. पंचवटी परिसरातील नोंदणीकृत देवस्थानास पूर्णवेळ हिशेबनीस नेमणे आहे. वाणिज्य पदवी, टॅली व मराठी टंकलेखन आवश्यक. काम: रोकड वही, देणगी पावत्या, दानपेटी मोजणी, बँक व्यवहार, लेखापरीक्षणाची तयारी. वेतन दरमहा रु. 18,000, परिवीक्षा सहा महिने. उमेदवार निर्व्यसनी असावा. यात्रा-उत्सवकाळात सुट्टी मिळणार नाही. स्वहस्ताक्षरातील अर्ज आठ दिवसांच्या आत कार्यालयात द्यावा."

यातले 'दानपेटी मोजणी' हे दोन शब्द नीट समजले, तर नोकरी समजली. दुकानाच्या किंवा कारखान्याच्या हिशेबात प्रत्येक रुपयामागे बिल असतं. दानपेटीतल्या पैशामागे काहीच नसतं. कोणी टाकले, कधी टाकले, किती टाकले, याचा कागद नाही. म्हणून पेटी उघडल्यापासून बँकेच्या शिक्क्यापर्यंतचा कागद आपल्यालाच तयार करावा लागतो. पेटीला दोन कुलपं असावीत आणि किल्ल्या वेगवेगळ्या माणसांकडे. उघडताना किमान दोन विश्वस्त, एखादा बाहेरचा भाविक किंवा बँकेचा माणूस आणि हिशेबनीस हजर हवेत. मोजणीच्या जागी कॅमेरा चालू हवा. मोजणाऱ्यांचे मोबाइल आणि पिशव्या बाहेर हव्यात. मोजून झालं की तिथेच पंचनामा लिहायचा आणि सगळ्यांच्या सह्या घ्यायच्या. "उद्या लिहू" हे इथे चालत नाही.

मुलाखतीला गेलात तर जवळपास खात्रीने याच विषयावर प्रश्न येईल. मी नव्या उमेदवारांना एक उदाहरण सोडवायला देते, ते इथेही देते. श्रावणी सोमवारनंतर पेटी उघडली. 500 च्या 84 नोटा, 200 च्या 65, 100 च्या 312, 50 च्या 240, 20 च्या 410 आणि 10 च्या 1,150 निघाल्या. नोटांची बेरीज 1,17,900 रुपये. नाणी 14,650 रुपयांची. म्हणजे पंचनाम्यावर एकूण 1,32,550. दुसऱ्या दिवशी शिपाई बँकेत गेला. 500 च्या पाच नोटा फार फाटलेल्या होत्या, त्या काउंटरवर भरून घेतल्या नाहीत. नाणी 12,000 रुपयांचीच घेतली, उरलेली परत दिली. बँकेच्या पावतीवर 1,27,400 आले. आता रोकड वहीत जमा किती लिहायची?

बरेच जण 1,27,400 लिहितात, कारण तेवढ्याचाच कागद हातात असतो. बरोबर उत्तर 1,32,550, आणि तेही पेटी उघडली त्या तारखेला. दुसऱ्या दिवशी 1,27,400 हे रोख शिलकेतून बँकेत गेले, एवढीच नोंद. उरलेले 5,150 तिजोरीत आहेत: 2,500 च्या फाटक्या नोटा आणि 2,650 ची नाणी. फाटक्या नोटा बदलून घेण्याची रिझर्व्ह बँकेची ठरलेली पद्धत आहे आणि ते काम बँक शाखांमधून होतं. त्या बदलून आल्या की बँकेत भरायच्या. नोट इतकी फाटली असेल की पूर्ण किंमत मिळत नाही, तर तेवढी तूट वेगळ्या व्हाउचरवर, विश्वस्तांच्या सहीने दाखवायची. उत्पन्न कमी दाखवून तूट झाकली की पुढच्या वेळी पंचनामा आणि वही जुळत नाही, आणि संशय नेमका हिशेबनीसावर येतो.

याच उदाहरणात मी पुढे विचारते, "मोजणी चालू असताना एक विश्वस्त म्हणाले की फुलवाल्याचे 2,000 यातूनच देऊन टाका, तर काय कराल?" देऊ नका. पेटीचे सगळे पैसे आधी जमा होतात आणि बँकेत जातात. किरकोळ खर्चासाठी वेगळी ठरावीक रक्कम कार्यालयात असते आणि त्यातून व्हाउचरवर पैसे दिले जातात. विश्वस्त मोठे, वयाने ज्येष्ठ, देवाची मनापासून सेवा करणारे असतात. त्यांना नम्रपणे "काका, व्हाउचर करून संध्याकाळी देते" असं म्हणता आलं पाहिजे. या कामात टॅलीपेक्षा हे जमणं जास्त गरजेचं आहे असं मला वाटतं.

पेटीत दागिनेही निघतात. नथ, पाळण्यातले चांदीचे देव, मंगळसूत्राच्या वाट्या. ते 'सोन्याचे' म्हणून लिहायचे नाहीत. सराफाकडून तपासणी होईपर्यंत 'पिवळ्या धातूची नथ, एक नग' असं वर्णन आणि वजन लिहायचं. उद्या ती पितळेची निघाली, तर तुम्ही सोनं लिहिलेलं असेल आणि उत्तर तुम्हालाच द्यावं लागेल.

देणगी पावत्यांबद्दल थोडक्यात. पावतीपुस्तकं क्रमांकाने दिली-घेतली जातात आणि रद्द पावती फाडून टाकत नाहीत, मूळ प्रतीसकट पुस्तकातच ठेवतात. रोख 2,000 रुपयांपेक्षा जास्त देणगीवर भाविकाला 80जी ची सवलत मिळत नाही, म्हणून मोठी रक्कम देणाऱ्याला चेक किंवा ऑनलाइन भरायला सुचवायचं. पत्र्याच्या फलकावर क्यूआर कोड असतो, तिथे एक गोष्ट विशेष जपावी लागते. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या आपल्याच माणसाने देणगी दिली तर ती परदेशी देणगी ठरते आणि त्यासाठीची केंद्र सरकारची नोंदणी किंवा परवानगी नसलेल्या देवस्थानाला ती घेता येत नाही. दुबईत नोकरी करणारा, पण भारतीय पासपोर्ट असलेला नाशिककर आपल्या कमाईतून बँकेमार्फत देतो, त्याची गोष्ट वेगळी, ती चालते. तेव्हा प्रश्न कुठे राहता हा नसून पासपोर्ट कुठला हा आहे.

'लेखापरीक्षणाची तयारी' म्हणजे महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, 1950 खालचं काम. 31 मार्चला वही बंद झाली की सहा महिन्यांत लेखापरीक्षण व्हायचं असतं. ताळेबंद परिशिष्ट आठच्या आणि उत्पन्न-खर्च पत्रक परिशिष्ट नऊच्या नमुन्यात लागतं. कॉलेजात शिकलेल्या नमुन्यापेक्षा हे वेगळे आहेत. मुलाखतीआधी एकदा डोळ्याखालून घाला, कारण उमेदवारांमध्ये हे माहीत असणारे फार थोडे असतात.

आता पगार. जाहिरातीत 18,000 लिहिलंय, पण हातात किती येणार हे विचारायला लाजू नका. समजा भविष्यनिर्वाह निधी 15,000 च्या मर्यादेवर 12 टक्के कापला, तर 1,800 गेले. ईएसआय लागू असेल तर 0.75 टक्के म्हणजे 135. व्यवसाय कर 200, फेब्रुवारीत 300. हातात 15,865 येतात. महिलांना 25,000 पर्यंत व्यवसाय कर नाही, त्यामुळे त्यांच्या हातात 16,065. काही ठिकाणी 'मानधन' लिहितात आणि निधी कापतच नाहीत. तेव्हा हातात पूर्ण 18,000 येतात म्हणून आनंद होतो, पण देवस्थानाचा तेवढाच वाटाही तुमच्या खात्यात जात नाही. वीस किंवा त्याहून जास्त कर्मचारी असतील तर निधीचा नियम लागू होतो. पुजारी, सेवेकरी, सुरक्षारक्षक, अन्नछत्रातले लोक धरून किती जण आहेत, हे विचारून घ्या. सिंहस्थासाठी तात्पुरती भरती असेल तर नेमणूक किती महिन्यांची, हे नेमणूकपत्रात लिहून मागा.

वागणुकीच्या अटींकडे अनेक जण औपचारिकता म्हणून बघतात. तसं नाही. निर्व्यसनी म्हणजे कार्यालयाच्या आवारात तंबाखूची पुडीसुद्धा खिशात नको. ओळखीच्या माणसाला रांग सोडून दर्शन घडवायचं नाही आणि भाविकाने प्रेमाने हातावर ठेवलेले पन्नास रुपयेही घ्यायचे नाहीत, पेटी दाखवायची. उत्सवात सुट्टी नाही म्हणजे रामनवमी, महाशिवरात्र, नवरात्र, श्रावणातले सोमवार हे तुमचे सर्वांत जास्त कामाचे दिवस. घरी सण असेल तर तो पुढे-मागे करावा लागेल, हे घरच्यांशी आधी बोलून घ्या. काही जाहिरातींत हिशेबनीसासाठी अमुक जातीचा उमेदवार हवा असं सूचित केलेलं असतं. ज्या गावात 1930 साली काळाराम मंदिराच्या प्रवेशासाठी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला, तिथे बेरीज-वजाबाकीच्या कामाला जात विचारली जावी, हे मला मान्य नाही. अशा ठिकाणी अर्ज करू नका असंच मी सांगते.

अर्ज करण्याआधी एक चौकशी नक्की करा. देवस्थानाच्या देणगी पावतीवर नोंदणी क्रमांक छापलेला असतो. हिंदू धार्मिक न्यासाचा क्रमांक बहुधा 'ए' अक्षराने सुरू होतो. त्या क्रमांकावरून धर्मादाय कार्यालयात विश्वस्तांची नोंद बघता येते. नोंदीतले विश्वस्त आणि प्रत्यक्ष कारभार बघणारे विश्वस्त एकच आहेत का, हे बघायचं. विश्वस्त बदलले की नव्वद दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. तो वादात अडकला असेल तर बँकेत सही कोणाची यावर भांडण होतं, आणि मग पहिला फटका पगाराला बसतो. मुलाखतीत सरळ विचारा, "चेकवर सध्या कोणाच्या सह्या चालतात?" उत्तर देताना दोन विश्वस्त एकमेकांकडे बघायला लागले, तर थोडं थांबा.

अर्ज स्वहस्ताक्षरात मागतात, कारण पंचनामा आणि व्हाउचर हातानेच लिहावी लागतात. एक पान पुरे. पदवी, टॅली, टंकलेखनाचं प्रमाणपत्र, आधी कुठे रोकड सांभाळली असेल तर तिथल्या मालकाचं पत्र, आणि ओळखीच्या दोन जबाबदार माणसांची नावं, पण नातेवाइकांची नकोत. पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी बहुतेक ठिकाणी निवडीनंतर मागतात. ती यायला वेळ लागतो, म्हणून निवड झाल्याच्या दिवशीच अर्ज टाका. अर्जासाठी किंवा 'अनामत' म्हणून कोणी रोख पैसे मागितले तर देऊ नका. जामीनदार मागणं वेगळं, ते रोकड सांभाळणाऱ्याकडून मागतात. अर्ज कार्यालयात देताना दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या. आणि कामावर रुजू व्हाल त्या दिवशी आधीच्या हिशेबनीसाकडून रोख शिल्लक, पावतीपुस्तकं, किल्ल्या आणि दागिन्यांची वही मोजून, विश्वस्तांच्या सहीने ताब्यात घेतल्याशिवाय पहिली नोंद लिहू नका.