पतसंस्थेचा अहवाल हातात आला की आधी ‘येणे व्याज’ शोधा

ऑगस्ट संपत आला की खान्देशातल्या गावोगावच्या पतसंस्थांच्या वार्षिक सभांच्या नोटिसा लागतात. कायद्याने ही सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. सोबत गुळगुळीत कागदाचं अहवालाचं पुस्तक येतं. पहिल्या पानांवर चेअरमन आणि संचालकांचे फोटो, मग मनोगत, मग ‘प्रगतीचा आलेख’, आणि शेवटच्या पानांवर डोळ्यांना ताण देणाऱ्या बारीक अक्षरांत ताळेबंद. अमळनेर तालुक्यातल्या आमच्या सभेत मी एकदा व्याजाबद्दल प्रश्न काढला, तर शेजारचे आप्पा म्हणाले, “नफा शे ना भो, मंग काय जोयजे?” तो नफा खरंच तिजोरीत आला की फक्त वहीत लिहिला गेला, हे त्याच पुस्तकातून घरबसल्या बरंचसं कळतं. ते कसं पाहायचं, एवढंच इथे सांगतो.

पुस्तक मागून उघडा. प्रगतीचा आलेख सध्या बाजूला ठेवा, कारण त्यात काय छापायचं हे संचालक मंडळ ठरवतं. ठेवी वाढल्या, कर्ज वाढलं, नफा वाढला, हे रकाने तिथे असतात. थकबाकीचा रकाना बऱ्याचदा नसतो किंवा आधीच्या वर्षी असून यंदा गायब झालेला असतो. गेल्या वर्षीचं पुस्तक जपून ठेवलं असेल तर दोन्ही शेजारी ठेवा. कोणता रकाना गळाला, हे दोन मिनिटांत दिसतं.

आता ताळेबंद. डावीकडे भांडवल व देणी, उजवीकडे मालमत्ता व येणी. उजव्या बाजूला कर्जाच्या खाली ‘येणे व्याज’ किंवा ‘कर्जावरील येणे व्याज’ अशी ओळ असेल. कर्जदाराकडून मिळायला हवं होतं पण ३१ मार्चपर्यंत मिळालं नाही, असं हे व्याज. डाव्या बाजूला त्याची जोडीदार ओळ शोधा: ‘थकीत व्याज तरतूद’ किंवा तशाच नावाची. थकलेल्या कर्जावरचं न मिळालेलं व्याज नफ्यात धरायचं नाही, निव्वळ नफा काढताना ते वजा करायचं, असं सहकार कायदाच सांगतो. म्हणून थकीत व्याज उजवीकडे जेवढं वाढलं, तेवढी तरतूद डावीकडेही वाढायला हवी.

एक कल्पित उदाहरण घेऊ. पुस्तकात नफा १८ लाख रुपये, गेल्या वर्षी १५ लाख. टाळ्या. कर्जावरचं वर्षाचं व्याज ८४ लाख जमा धरलं आहे. ताळेबंदात येणे व्याज गेल्या वर्षी ३८ लाख होतं, यंदा ७४ लाख. म्हणजे वाढ ३६ लाख. डावीकडची तरतूद १० लाखांवरून १२ लाखांवर गेली, म्हणजे वाढली फक्त २ लाख. ३६ मधून २ गेले, राहिले ३४ लाख. एवढं व्याज हातात न येता उत्पन्नात बसलं आहे. ते सगळं थकीत कर्जांवरचं निघालं, तर १८ लाखांचा नफा उरत नाही, १६ लाखांचा तोटा होतो. आणि ७४ लाख म्हणजे जवळपास साडेदहा महिन्यांचं व्याज बाहेर अडकलेलं आहे.

याचा पुढचा परिणाम लाभांशावर. नफ्यातला चौथा हिस्सा राखीव निधीला जातो, उरलेल्यातून लाभांश. कायद्याने त्याची कमाल मर्यादा १५ टक्के. पण नफा वहीतलाच असेल तर लाभांशाचे रोख पैसे येणार कुठून? ठेवीदारांच्या ठेवीतूनच.

इथे लगेच ‘घोटाळा’ म्हणून ओरडू नका. आपल्याकडे याला एक खरंखुरं कारण असू शकतं. भाव नाही म्हणून शेतकरी कापूस घरात भरून ठेवतो, मार्चअखेरही विकत नाही, आणि व्याज थकतं. शिवाय ज्या हप्त्याची तारीखच एप्रिल-मेमध्ये आहे, त्याचं व्याज येणे दिसलं तरी ते थकीत नसतं. मग खरं-खोटं कसं ओळखायचं? सभा सप्टेंबरात आहे, हाच आपला फायदा. जूनच्या पेरणीला पैसा लागतो, तोवर बहुतेकांचा कापूस विकला जातो. म्हणून प्रश्न असा विचारा: ३१ मार्चच्या येणे व्याजापैकी ३१ ऑगस्टपर्यंत रोख किती वसूल झालं? ७४ पैकी ५० लाख आले असतील तर कापसाचं कारण पटण्यासारखं आहे. ५-७ लाखच आले असतील तर ते व्याज बुडीताच्या वाटेवर आहे.

एक पळवाट मात्र या हिशेबातून निसटते: नवं-जुनं. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात त्याच कर्जदाराला व्याजासकट नवं कर्ज द्यायचं आणि त्यातून जुनं खातं भरून घ्यायचं. येणे व्याज कमी दिसतं, थकबाकी कमी दिसते, फक्त कर्जाचा आकडा फुगतो. पुस्तकावरून हे सिद्ध करता येत नाही. पण ‘फक्त मार्च महिन्यातलं कर्जवाटप किती आणि वसुली किती’ हे विचारता येतं. दोन्ही आकडे इतर महिन्यांच्या कितीतरी पट आणि एकमेकांच्या जवळ असतील, तर काय ते समजा.

यानंतर पुस्तकात काय नाही ते पाहा. कायद्याच्या कलम ७५ नुसार संचालकांना आणि त्यांच्या कुटुंबीयांना दिलेली कर्जं, वर्षभरातली त्यांची फेड आणि थकबाकी यांचं पत्रक सभेपुढे ठेवावंच लागतं. लेखापरीक्षण अहवाल आणि आधीच्या लेखापरीक्षणाचा दोषदुरुस्ती अहवालही. बहुतेक पुस्तकांत यातलं एकच वाक्य उरतं: ‘संस्थेस ऑडिट वर्ग अ मिळाला.’ वर्ग म्हणजे शेरा. लेखापरीक्षकाने व्याजाबद्दल, तरतुदीबद्दल काय लिहिलं ते आतल्या पानांवर असतं. तीच पानं मागायची.

प्रश्न तोंडी ठेवू नका. नोटिशीच्या तळाशी अमुक दिवस आधी लेखी प्रश्न द्यावेत अशी टीप असते. ती तारीख चुकली तर ‘वेळेत आला नाही’ म्हणून विषय संपतो. साध्या कागदावर एवढं पुरे:

“अहवालातील पान अमुक, येणे व्याज ७४ लाख. यापैकी थकीत कर्जांवरील किती? त्यास तरतूद २ लाखांनीच का वाढली? ३१ ऑगस्टपर्यंत रोख वसुली किती? संचालक व कुटुंबीय यांच्या कर्जाचे पत्रक सभेपुढे ठेवावे.”

दोन प्रती करा, एकीवर शिक्का आणि तारखेसह पोहोच घ्या. ताळेबंद, नफा-तोटा पत्रक आणि सभेच्या इतिवृत्ताच्या नकला मागण्याचा हक्क कलम ३२ ने सभासदाला दिला आहे. फी भरल्यापासून महिन्याभरात त्या द्याव्या लागतात. दुसऱ्याच्या कर्जखात्याचा उतारा मात्र मिळणार नाही, त्यावर वाद घालू नका.

सभेत उत्तर मिळालं तर आकडा जागेवर लिहून घ्या. “ऑफिसात या, दाखवतो” असं उत्तर आलं, तर तेच शब्द इतिवृत्तात नोंदवायला सांगा आणि पुढच्या आठवड्यात त्या इतिवृत्ताच्या नकलेसाठी अर्ज द्या.