गुगली आणि यॉर्कर ओळखताना या चुका टाळा

सांगलीत एखाद्या हॉटेलात किंवा नातेवाइकांकडे दहाजण मिळून सामना पाहत असले, की यष्ट्या उडाल्याबरोबर दोनतरी आवाज हमखास उठतात. चेंडू वेगवान गोलंदाजाचा असेल तर "यॉर्कर!" आणि फिरकी गोलंदाजाचा असेल तर "गुगली!" नवख्या माणसाची पहिली आणि सर्वांत मोठी चूक हीच, की तो चेंडूचे नाव निकालावरून ठरवतो. फलंदाज बाद झाला की नाही, याचा या दोन्ही शब्दांशी संबंध नाही. यॉर्कर म्हणजे चेंडूचा टप्पा कुठे पडला याचे वर्णन आहे आणि गुगली म्हणजे टप्पा पडल्यावर चेंडू कोणत्या बाजूला वळला याचे. गुगलीवर षटकार बसला तरी ती गुगलीच असते आणि यॉर्कर बॅटने नीट खोदून काढला तरी तो यॉर्करच राहतो.

दुसरी चूक म्हणजे वळणाऱ्या प्रत्येक चेंडूला गुगली म्हणणे. गुगली हे मनगटाने चेंडू फिरवणाऱ्या गोलंदाजाचे, म्हणजे प्रामुख्याने लेगस्पिनरचे, अस्त्र आहे. उजव्या हाताच्या लेगस्पिनरचा नेहमीचा चेंडू, म्हणजे लेगब्रेक, उजव्या फलंदाजाच्या पायाच्या बाजूकडून ऑफच्या बाजूला जातो. त्याच धावेने आणि जवळजवळ त्याच हाताने, पण सोडताना मनगट अधिक वळवून, हाताची मागची बाजू फलंदाजाकडे येईल अशा रीतीने चेंडू सोडला, तर तो उलट दिशेने वळतो, ती गुगली. इंग्लंडच्या बर्नार्ड बोझांकेट याने १९०० च्या सुमारास हा चेंडू प्रचारात आणला. ऑफस्पिनरचा चेंडू हातभर वळला तरी त्याला गुगली म्हणू नये. तो त्याचा नेहमीचा ऑफब्रेक असतो आणि ऑफस्पिनरने उलटा वळवलेल्या चेंडूला दुसरा म्हणतात.

आता ज्या चुकीचा मला खरोखर कंटाळा आला आहे तिच्याकडे येतो. अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ पाहून क्रिकेट शिकणाऱ्यांनी एक सूत्र पाठ केले आहे : "आत येतो तो गुगली, बाहेर जातो तो लेगब्रेक." उजव्या हाताचा लेगस्पिनर आणि उजवा फलंदाज समोरासमोर असतील तेवढ्यापुरते हे सूत्र खरे आहे. फलंदाज डावखुरा आला की ते पूर्ण उलटे होते. स्मृती मानधना सांगलीच्या आणि डावखुऱ्या, त्यामुळे आमच्याकडे हे सूत्र घेऊन सामना पाहायला बसणाऱ्याची वारंवार फजिती होते. उजव्या हाताच्या लेगस्पिनरचा साधा लेगब्रेक त्यांच्याकडे आत येतो आणि गुगली त्यांच्यापासून बाहेर जाते.

या सूत्राने एकदा बळीही घेतला. जिल्ह्यातल्या एका क्लबच्या लेदर बॉलच्या सामन्यात मी गुणलेखनाला बसलो होतो. फलंदाजी करणाऱ्या संघाचे सलामीचे दोघेही डावखुरे होते आणि समोरचा लेगस्पिनर एकामागून एक चेंडू आत वळवत होता. मांडवात बसलेला एक उत्साही पोरगा पॅड बांधून तयार असलेल्या तिसऱ्या फलंदाजाला सांगू लागला, "दादा, ह्याचा प्रत्येक बॉल गुगली पडतोय, आत येणारा धरूनच खेळ." मी वहीतून मान वर करून म्हणालो, "अरे, ते डावखुरे आहेत, दादा उजवा आहे," पण तोवर गडी बाद होऊन दादा मैदानात निघाला होता. पहिलाच चेंडू ऑफच्या यष्टीच्या रेषेत पडला. दादाने तो आत येणार असे गृहीत धरून बॅट पायाच्या बाजूला वळवली, चेंडू लेगब्रेकच्या धर्माप्रमाणे बाहेर गेला आणि बॅटची कड घेऊन यष्टिरक्षकाच्या हातात विसावला. त्या गोलंदाजाने तोपर्यंत एकही गुगली टाकलेली नव्हती.

म्हणून मी स्वतः आत-बाहेर या शब्दांनी पाहतच नाही. पडद्यावर डावे-उजवे पाहतो. दूरदर्शन संचावर मुख्य कॅमेरा गोलंदाजाच्या पाठीमागे असतो. गोलंदाज उजव्या हाताचा लेगस्पिनर असेल, तर टप्प्यानंतर चेंडू पडद्यावर उजवीकडून डावीकडे वळला की लेगब्रेक आणि डावीकडून उजवीकडे वळला की गुगली. फलंदाज कोणत्या हाताचा आहे याने यात काहीच बदलत नाही. कुलदीप यादवसारखा डाव्या हाताने मनगटी फिरकी टाकणारा असेल, तर मात्र दिशा बरोबर उलट धरावी. रीप्ले कधीकधी समोरच्या बाजूने दाखवतात, तेव्हाही दिशा उलटते. म्हणून मी निर्णय मूळ चेंडूवरच करतो आणि रीप्लेत केवळ मनगट पाहतो. वळलाच नाही, सरळ गेला, तर त्याला गुगली म्हणण्याची घाई करू नये.

१९४८ मध्ये ओव्हल मैदानावर डॉन ब्रॅडमन आपल्या शेवटच्या कसोटी डावात एरिक हॉलिस या लेगस्पिनरच्या दुसऱ्याच चेंडूवर शून्यावर त्रिफळाचीत झाला, ती गुगली होती. शंभरची सरासरी पूर्ण व्हायला त्याला ४ धावा हव्या होत्या, सरासरी ९९.९४ वर थांबली. ब्रॅडमन उजवा, गोलंदाज उजव्या हाताचा, म्हणून तो चेंडू आत आला. तेवढ्या एका उदाहरणावरून नियम करू नये, इतकेच.

यॉर्करबाबत चुका कमी आहेत, पण हट्टाने केल्या जातात. जोरात टाकलेला चेंडू म्हणजे यॉर्कर नव्हे. डिसेंबर २०१८ मध्ये मेलबर्नला उपाहारापूर्वीच्या शेवटच्या चेंडूवर बुमराहने शॉन मार्शला पायचीत केले, तो वेग मुद्दाम काढून घेतलेला यॉर्कर होता आणि मार्श त्याच्या संथपणामुळेच चुकला. टेनिस बॉलच्या स्पर्धांत ध्वनिवर्धकावरून बोलणारे आणखी एक गफलत करतात, ती म्हणजे फुलटॉसला यॉर्कर म्हणणे. जमिनीला न लागता बॅटपर्यंत आलेला चेंडू फुलटॉस. तो कमरेच्या वर आला तर नो-बॉल.

यॉर्करचा टप्पा फलंदाजाच्या पायांशी, बॅटच्या तळाखाली पडतो. फलंदाजासमोरची पॉपिंग क्रीज यष्ट्यांपासून ४ फूट पुढे असते आणि नेहमीप्रमाणे उभ्या असलेल्या फलंदाजाच्या बाबतीत टप्पा साधारण याच रेषेच्या आसपास येतो. पण रेषा हे प्रमाण नव्हे, पाय हे प्रमाण. रेषेवर पडणारा तोच चेंडू घ्या. फलंदाज दोन पावले पुढे आला, तर चेंडू जमिनीला लागण्याआधीच त्याच्या बॅटवर येतो, म्हणजे फुलटॉस होतो. तो यष्ट्यांना चिकटून खोल उभा राहिला, तर चेंडू त्याच्या पुढे पडून नुकताच उसळताना बॅटखाली येतो, म्हणजे हाफव्हॉली होतो आणि सीमेपार जातो. शेवटच्या षटकांत फलंदाज क्रीजमध्ये मागेपुढे का सरकतात, याचे हे एक कारण. त्यामुळे पडद्यावर टप्प्यांचा नकाशा दाखवून यॉर्करचा रंगीत पट्टा आखतात, तो मी अंदाज म्हणूनच घेतो आणि चेंडू सुटण्याच्या क्षणी फलंदाजाचे पाय कुठे होते ते आधी पाहतो.