पाकिटावर ‘कार्बन न्यूट्रल’ वाचताना या चुका टाळा

साबणाच्या खोक्यावर कधी ‘कार्बन फूटप्रिंट 300 ग्रॅम’ असे छापलेले असते, तर कधी हिरव्या पानाच्या चित्राखाली ‘कार्बन न्यूट्रल’ असते. बहुतेकांना दोन्हीचा अर्थ एकच वाटतो: माल पर्यावरणाला चांगला, घ्यायला हरकत नाही. पण पहिला आकडा हा मोजमापाचा दावा आहे आणि दुसरा भरपाईचा. पहिला खरा असूनही दिशाभूल करू शकतो. दुसरा पहिल्याच्या आधाराशिवाय उभाच राहत नाही.

मी बडोद्यातल्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या लहान कारखान्यांचे कार्बनचे हिशेब करून देतो. वीजबिले, गॅसची बिले, कच्च्या मालाच्या पावत्या आणि ट्रकच्या फेऱ्या मांडून आकडा काढायचा, हे रोजचे काम. त्यामुळे दांडिया बाजारातल्या शेजारच्या वहिनींनी साबणाचे एक खोके हातात देऊन विचारले, “अहो, न्यूट्रल म्हणजे हा बनवताना धूर निघालाच नाही का?” तेव्हा त्यांना तो साबण घेऊनच समजावले. तोच हिशेब इथे मांडतो. आकडे सोपे व्हावेत म्हणून काही गोष्टी ‘समजा’ म्हणून धरल्या आहेत.

पहिली चूक: आकडा वाचायचा, पण कशाचा आणि कुठपर्यंतचा ते वाचायचे नाही

कार्बन फूटप्रिंट म्हणजे एखादी वस्तू तयार होऊन वापरली जाईपर्यंत हवेत गेलेल्या तापमानवाढ करणाऱ्या वायूंची बेरीज. त्यात फक्त कार्बन डायऑक्साइड नसतो. मिथेन असतो, शेतातल्या खतातून निघणारा नायट्रस ऑक्साइडही असतो. 100 वर्षांच्या हिशेबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 28 पट तापवतो, म्हणून त्याचे वजन तेवढ्या पटीने धरतात आणि सगळे एकाच मापात आणतात. लेबलवर `kg CO2e` किंवा `g CO2e` असे दिसते ते हेच माप. शेवटचा `e` नसेल, तर इतर वायू धरले आहेत की नाहीत हे विचारायला जागा आहे.

आता खरी मेख. आकड्यापुढे दोन गोष्टी लिहिलेल्या हव्यात. एक, हा आकडा कशामागे आहे: एका वडीमागे, किलोमागे की एका अंघोळीमागे? दोन, हिशेब कुठे थांबवला? कच्च्या मालापासून कारखान्याच्या फाटकापर्यंत, की ग्राहकाने वापरून खोके फेकेपर्यंत? पहिल्या पद्धतीला ‘क्रेडल टू गेट’ आणि दुसरीला ‘क्रेडल टू ग्रेव्ह’ म्हणतात. हे शब्द लेबलच्या तळाशी बारीक अक्षरात असतात, आणि आकड्यापेक्षा तेच जास्त सांगतात.

वहिनींच्या हातातली वडी 100 ग्रॅमची होती. समजा तिचा फाटकापर्यंतचा फूटप्रिंट 300 ग्रॅम आहे. त्यात तेल, कॉस्टिक सोडा, कारखान्याची वीज आणि खोक्याचा पुठ्ठा आला. ही वडी एका माणसाला साधारण 25 अंघोळींना पुरते असे धरू. आता बडोद्यातली जानेवारीतली सकाळ घ्या. बादलीत 15 लिटर पाणी, ते 20 अंशांनी तापवायचे. एक लिटर पाणी एका अंशाने तापवायला सुमारे 4.2 किलोज्यूल लागतात, म्हणजे बादलीमागे 1,260 किलोज्यूल, अर्थात 0.35 युनिट. आपल्या देशातल्या ग्रिडच्या एका युनिटमागे सुमारे 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. रॉड किंवा इलेक्ट्रिक गीझर वापरला तर एका बादलीमागे अडीचशे ग्रॅमच्या आसपास जातो. 25 अंघोळींचे झाले सहा किलोच्या वर.

एका वडीचे 300 ग्रॅम आणि तिच्यासोबत तापवलेल्या पाण्याचे सहा किलो! लेबलवर त्यातला विसावा भागही नाही. यात कंपनीने खोटे बोललेले नाही, तिने हिशेब फाटकावर थांबवला इतकेच. उन्हाळ्यात गार पाण्याने अंघोळ केली तर हे सहा किलो जवळपास शून्यावर येतात. पाइपच्या गॅसवर चालणारा गीझर असेल तर बादलीमागे शंभर ग्रॅमच्या आत काम होते, कारण गॅस घरातच जळतो आणि वीजघरातल्यासारखी बरीचशी उष्णता वाया जात नाही. सोलर वॉटर हीटरवर तर आकडा नाममात्रच.

म्हणून दोन लेबलांची तुलना करताना आधी ती एकाच मापाची आहेत का ते बघा. एका साबणावर ‘300 ग्रॅम, प्रति वडी, फाटकापर्यंत’ आणि दुसऱ्यावर ‘260 ग्रॅम, प्रति अंघोळ, वापरासकट’ असेल, तर 260 लहान म्हणून दुसरा चांगला असा निकाल लावता येत नाही. वडीमागचे 300 म्हणजे अंघोळीमागे अवघे 12 ग्रॅम असे धरून पहिल्याला शाबासकी देणे तर त्याहून चुकीचे. उलट दुसऱ्या कंपनीने गरम पाण्याचाही हिशेब धरला, हा तिचा प्रामाणिकपणा आहे. वस्तूच्या फूटप्रिंटसाठी आयएसओ 14067 हे मानक आहे. लेबलवर त्याचा उल्लेख असेल तर हिशेबाची सीमा कुठे आखली हे कंपनीच्या अहवालात सापडायला हवे.

साबणाबाबत आणखी एक गोष्ट बघा. वडीत पाम तेल असेल आणि ते जंगल तोडून केलेल्या लागवडीतले असेल, तर त्या तोडीचा कार्बनही हिशेबात यायला हवा. तो धरला की नाही यावर आकडा खूप बदलतो.

दुसरी चूक: न्यूट्रल म्हणजे उत्सर्जन झालेच नाही असे समजणे

झालेले असते. वहिनींच्या वडीचे 300 ग्रॅम हवेत गेलेच आहेत. कंपनीने तेवढ्याच वजनाचे कार्बन क्रेडिट दुसरीकडून विकत घेतले, आणि एकाची उधारी दुसऱ्याच्या पावतीने वळती करावी तसे खात्यावर शून्य आणले. एक क्रेडिट म्हणजे एक टन कार्बन डायऑक्साइडइतकी बचत किंवा शोषण, जे दुसरीकडे झाल्याचे मान्य केलेले असते.

समजा कंपनी वर्षाला अशा एक लाख वड्या विकते. 300 ग्रॅमप्रमाणे 30 टन झाले, म्हणून 30 क्रेडिट घेतले की खोक्यावर ‘न्यूट्रल’ छापता येते. पण अंघोळीचे पाणीही हिशेबात धरले, आणि सगळ्यांनी विजेवरच पाणी तापवले असे मानले, तर आणखी सहाशे टनांच्या वर जातात. तीच वडी, तेच खोके, मात्र सीमा कुठे आखली त्यावर भरपाई 30 टनांची की साडेसहाशेची ते ठरते. म्हणून ‘न्यूट्रल’ दिसले की पहिला प्रश्न असा हवा: किती टनांची भरपाई केली?

दुसरा प्रश्न त्याहून महत्त्वाचा आहे: मागच्या वर्षी वडीमागे किती होते? कार्बन न्यूट्रॅलिटीचे आयएसओ 14068-1 हे 2023 चे मानक क्रम ठरवून देते. आधी मोजायचे, मग स्वतःचे उत्सर्जन घटवायचे, आणि उरलेल्याचीच भरपाई करायची. तीन वर्षे आकडा जिथल्या तिथे आणि क्रेडिट मात्र दरवर्षी नवी, असे दिसले तर कारखान्यात काहीच बदललेले नाही. मला स्वतःला 300 वरून 220 वर आलेला, न्यूट्रल न म्हणवणारा साबण 300 वर अडून बसलेल्या न्यूट्रल साबणापेक्षा जास्त भरवशाचा वाटतो.

क्रेडिट तपासताना

खोक्यावर क्यूआर कोड असेल तर तो स्कॅन करा. ‘आम्ही झाडे लावली’ एवढेच वाक्य आणि हिरवेगार फोटो दिसले, तर तपासण्यासारखे हाती काहीच लागलेले नाही. प्रकल्पाचे नाव, त्याचा क्रमांक आणि क्रेडिटची नोंद ज्यात होते त्या नोंदवहीचे नाव शोधा. व्हेरा आणि गोल्ड स्टँडर्ड या नोंदवह्या कोणालाही उघडून बघता येतात. व्हेराची नोंदवही `registry.verra.org` वर आहे. तिथे प्रकल्पाचा क्रमांक टाकला की क्रेडिटची यादी मिळते.

त्यात `Retired` हा शेरा हवा. क्रेडिट रद्द करून खात्यातून कायमचे काढले, असा त्याचा अर्थ. ते अजून चालू असेल तर कंपनी ते उद्या दुसऱ्याला विकू शकते, म्हणजे भरपाई झालेलीच नाही. रद्द करण्याचे कारण आणि कोणासाठी रद्द केले हेही बऱ्याचदा तिथेच लिहिलेले असते. तिथे कंपनीचे नाव आणि ते वर्ष दिसले तर दावा जुळतो. क्रेडिट कोणत्या वर्षाच्या बचतीचे आहे तेही बघा. साबण 2025 चा आणि बचत दहा-बारा वर्षांपूर्वीची असेल, तर कंपनीला त्याचे उत्तर देता आले पाहिजे.

झाडांच्या प्रकल्पांत एक अडचण मुळातच आहे. झाड कार्बन धरून ठेवते ते उभे असेपर्यंत. जर्मनीत फ्रँकफर्टच्या न्यायालयाने ऑगस्ट 2025 मध्ये ॲपलला आपले घड्याळ ‘कार्बन न्यूट्रल’ म्हणून विकण्यास मनाई केली, ती याच मुद्द्यावर. भरपाईसाठी पॅराग्वेतली निलगिरीची लागवड दाखवली होती, आणि त्यातल्या 75 टक्के जमिनीचे भाडेकरार 2029 मध्ये संपणार होते. त्यानंतर झाडे राहतील याची खात्री कोण देणार? युरोपीय संघात 27 सप्टेंबर 2026 पासून नुसत्या भरपाईच्या जोरावर वस्तूला न्यूट्रल म्हणण्यावर बंदी लागू होते.

न्यूट्रल नेमके काय आहे?

न्यूट्रल नेमके काय आहे हे न वाचणे ही चूक लहान आहे, पण नेहमीची. ‘कार्बन न्यूट्रल पॅकेजिंग’ म्हणजे फक्त खोके. ‘कार्बन न्यूट्रल डिलिव्हरी’ म्हणजे फक्त वाहतूक. ‘कार्बन न्यूट्रल कंपनी’मध्ये बऱ्याचदा ऑफिसची वीज आणि कंपनीच्या गाड्या येतात, तेल पिकवणाऱ्या शेताचा हिशेब बाहेरच राहतो. शब्दाच्या आधीचे आणि नंतरचे नाम वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आपल्याकडे याबाबत नियम झाले आहेत. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर 2024 मध्ये ग्रीनवॉशिंग, म्हणजे पर्यावरणाचे खोटे किंवा फुगवलेले दावे, रोखण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांत ‘कार्बन न्यूट्रल’सारखा शब्द पुराव्याशिवाय आणि खुलाशाशिवाय वापरायला मनाई आहे. खुलासा जाहिरातीत द्यायचा, किंवा क्यूआर कोडने अथवा वेबसाइटच्या पत्त्याने ग्राहकाला मिळेल असा ठेवायचा. क्यूआर कोड उघडत नसेल, किंवा उघडल्यावर कंपनीचे मुख्य पानच येत असेल, तर आधी खोक्यावरच्या ग्राहक सेवेच्या ईमेलवर तीन गोष्टी मागा: वडीमागचा आकडा सीमेसकट, प्रकल्पाचा क्रमांक, आणि क्रेडिट रद्द केल्याची नोंद. उत्तर आले नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या नंबरवर तक्रार नोंदवता येते. त्यासाठी खोक्याच्या सगळ्या बाजूंचे फोटो, बॅच नंबर आणि दुकानाची पावती जवळ ठेवा.