वेबहुक हुकला तरी पावती निघते

लातूरच्या एका बियाणे दुकानाची ऑनलाइन विक्री मी सांभाळतो. पेरणीच्या तोंडावर वीज गेली की दुकानातला सर्व्हर बंद पडायचा. पेमेंट झाल्याची सूचना, म्हणजे वेबहुक, पेमेंट गेटवे आमच्या सर्व्हरला काही वेळ पुन्हा पुन्हा पाठवतो आणि मग थांबतो. शेतकऱ्याचे पैसे कापलेले, आमच्याकडे ऑर्डर मात्र ‘बाकी’च.

वेबहुक ठेवलाच, कारण पावती लगेच निघते ती त्याच्यामुळे. जोडीला दर 15 मिनिटांनी चालणारा जॉब लावला. तो गेटवेच्या यादीशी आमच्या नोंदी ताडून पाहतो.

खरी मेख वेळेत आहे. यादी पेमेंट सुरू झाल्याच्या वेळेनेच गाळता येते. 10:05 ला सुरू झालेलं पेमेंट 10:20 ला यशस्वी झालं, तर 10:15 नंतरचंच मागणाऱ्या फेरीला ते दिसत नाही. म्हणून शेवटच्या यशस्वी फेरीच्या 24 तास मागून मागवतो. सर्व्हर दोन दिवस बंद राहिला तरी मध्ये खिंडार पडत नाही.

तीच पेमेंट्स वारंवार येतात, हे ओघानं आलंच. पावती काढायला वेबहुक आणि जॉब दोघंही एकच फंक्शन वापरतात, आणि पावत्यांच्या टेबलात पेमेंट आयडी युनिक असल्यानं दुसरी पावती निघत नाही.

जॉबला सापडलेली प्रत्येक हुकलेली नोंद वेगळी लिहून ठेवतो. वीज असतानाही तो आकडा वाढला, तर वेबहुक खरंच गेटवेचाच आहे का, हे त्याच्या सहीवरून तपासणारा कोड आधी बघतो.