चार दिवसांचा आठवडा लावण्याआधी सुट्ट्यांचा तक्ता कसा मांडावा

समजा, सांगलीजवळ कुपवाड एमआयडीसीत कोल्ड स्टोरेजची मशिनं दुरुस्त करणारी सहा जणांची टीम आहे. आज सगळे सोमवार ते शुक्रवार रोज 8 तास काम करतात. त्याऐवजी चार दिवस रोज 10 तास केले, तरी आठवड्याचे तास 240च राहतात. फरक पडतो तो कोणत्या दिवशी किती माणसं हजर आहेत यात. (10 तास लावण्याआधी आपल्या आस्थापनेला ते चालतात का, हे कामगार सल्लागाराला विचारून घ्या.)

आधी मागच्या चार आठवड्यांचं तक्रारींचं रजिस्टर काढा आणि कॉल वारांप्रमाणे मोजा. सोमवारी गर्दी असेल, तर त्या दिवशी एकालाच सुट्टी द्या.

मग तक्ता मांडा. पाचही दिवसांत सुट्ट्या वाटल्या, तर सगळी टीम एकत्र असेल असा एकही दिवस उरत नाही. म्हणून बुधवार मोकळा ठेवा. सोमवारी एक, मंगळवारी दोन, गुरुवारी एक आणि शुक्रवारी दोन सुट्ट्या दिल्या, की हजेरी 5, 4, 6, 5, 4 अशी बसते. तुमचं काम किमान चार माणसांवर चालत असेल, तर मंगळवारी किंवा शुक्रवारी कुणी एक आजारी पडला की ते अडलंच. हे आधीच मान्य असेल तरच पुढे जा.

आता जोड्या लावा. इथेच बहुतेक तक्ते फसतात. सोमवारी सुट्टी असलेल्याचं काम मंगळवारी सुट्टी असलेल्याकडे दिलं, तर पहिला परत येतो तेव्हा दुसरा घरी असतो, दोघांची गाठच पडत नाही. शुक्रवार आणि सोमवारचंही तसंच, कारण मधले दोन दिवस सगळेच सुट्टीवर. त्यामुळे सोमवारवाल्याची जोडी गुरुवारवाल्याशी लावा आणि मंगळवारच्या दोघांची शुक्रवारच्या दोघांशी.

पाच दिवसांच्या पद्धतीत सगळे एकत्र जातात, एकत्र येतात, त्यामुळे एरवी हँडओव्हर लागत नाही. इथे प्रत्येकाचं सुट्टीआधी एक देणं आणि परत आल्यावर एक घेणं, म्हणजे आठवड्याला बारा. प्रत्येकी 15 मिनिटं आणि दोन माणसं धरली, तर 6 तास गेले. ते तक्त्यातच धरा, नाहीतर लोक घाईत ‘पार्ट मागवलाय’ एवढंच लिहून निघतात. चिठ्ठी अशी हवी:

‘तासगाव, बेदाण्याची खोली 3. गळती व्हॉल्व्हजवळ, गॅस अजून भरलेला नाही. नवा व्हॉल्व्ह कोल्हापूरहून उद्या सकाळी 11च्या एसटीने येतोय, स्टँडवरून घ्यायचा. मालकांना दुपारी 3ची वेळ दिली आहे. तापमान 8च्या वर गेलं तर मला फोन कर.’

चार आठवडे चालवून पाहा आणि रोज दोनच गोष्टी टिपा: ‘तो उद्या येईल’ असं किती ग्राहकांना सांगावं लागलं, आणि किती ग्राहकांनी तीच माहिती आपल्याला दुसऱ्यांदा सांगितली. पहिला आकडा वाढला तर माणसं कमी पडताहेत, तक्ता बदला. दुसरा वाढला तर चिठ्ठ्या अपुऱ्या आहेत. दोन्ही वाढले, तर पाच दिवसांवरच राहा.