लोहाची गोळी आणि आजीचा चहा

डिचोलीची आजी, गोवा मेडिकल कॉलेजात म्हणजे गोमेकॉत शिकणारी नात.

"आजी, गोळी कशाबरोबर घेतेस गं?"

"चहाबरोबर. सोबत पावाचा तुकडा."

"तिथंच घोटाळा! चहा लोह अंगात नीट शिरू देत नाही. जेवणाआधी तासभर लिंबूपाण्याबरोबर घे, चहा दोन तासांनी."

"शौचाला काळं झालं, म्हणून बंदच केली."

"गोळीनं काळपट होतंच. डांबरासारखं चिकट झालं तर मात्र लगेच सांग. हिमोग्लोबिन 8 आहे, नुसत्या तांबड्या भाजीनं भरून निघणार नाही. भाजीवर लिंबू पिळ, शिंपल्यांतल्या तिसऱ्या खा. हिमोग्लोबिन वर आल्यावरही साठा भरायला गोळी तीनेक महिने चालू ठेवायची. आणि या वयात रक्त कुठं जातंय, तेही डॉक्टरांकडून तपासून घेऊ."